सगळंच अर्जंट होतं त्या शुक्रवारी : अकाउंट्सच्या टेबलावरचं एक प्रकरण

नाशिकजवळच्या एमआयडीसीत एका मध्यम कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. टेबलावर आम्ही दोघंच, मी आणि एक ज्युनिअर मुलगी. आणि आमच्याकडे कामं पाठवणारे सहा जण, म्हणजे पर्चेस, सेल्स, डिस्पॅच, एचआर, बाहेरचे सीए आणि आमचे साहेब. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर जे काही येतं त्याच्या सुरुवातीला "अर्जंट" असतंच. दोन वर्षांपूर्वी आठवड्यातून चारदा यायचं, मागच्या वर्षी दिवसातून चारदा, आणि आता ते न लिहिता काम आलं की आम्हालाच चुकल्यासारखं वाटतं. यात कुणाला दोष देत नाही मी. शेजारचा अर्जंट लिहितो आणि त्याचं काम आधी होतं, मग दुसरा का नाही लिहिणार?

पण याची किंमत आम्ही मोजली २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. सप्टेंबरचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला टॅक्स, ७ ऑक्टोबरपर्यंत भरायचा होता, रक्कम २ लाख ३६ हजार. त्या दिवशी सकाळपासून जो जास्त जोरात मागे लागेल त्याचं काम करत गेलो, संध्याकाळ झाली, आणि टीडीएस राहिला. टीडीएससाठी कुणी फोन करत नाही ना. त्याचा मागणारा ऑफिसात बसलेला नसतो, आणि कुणी मागितलं नाही म्हणून ते काम आमच्या डोळ्यासमोर आलंच नाही. ८ तारखेला सकाळी लक्षात आलं. कापलेला टीडीएस उशिरा भरला तर व्याज महिन्याला दीड टक्का, आणि महिन्याचा एक दिवस लागला तरी अख्खा महिना धरतात, शिवाय मोजणी कापल्याच्या तारखेपासून. म्हणजे सप्टेंबरमध्ये कापला आणि ८ ऑक्टोबरला भरला की सप्टेंबर एक, ऑक्टोबर दोन, असे दोन महिने. तीन टक्के, ७,०८० रुपये. एका दिवसाच्या उशिराचे.

आता यातली खरी शिकायची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला नंतर चार दिवसांनी कळली. ८ तारखेला सकाळी आम्ही दोघांनी हातातलं सगळं टाकून, घामाघूम होऊन दुपारी बारापर्यंत ते चलन भरलं. पण व्याज तर तेच होतं, ८ ला भरा नाहीतर ३१ ला भरा, दोनच महिने. म्हणजे ७ तारखेला संध्याकाळी ते काम ऑफिसातलं सगळ्यात अर्जंट काम होतं आणि ८ तारखेला सकाळी ते धावत करण्याचं काम राहिलंच नव्हतं. आम्ही नेमकं उलट वागलो. (सरकारचे पैसे महिनाभर दाबून ठेवा असं म्हणत नाहीये, लोकांच्या पगारातून आणि बिलातून कापलेले पैसे आहेत ते, लवकरात लवकर भरायचेच. पण त्या सकाळी दुसऱ्या दोन कामांना बाजूला सारून ते करायची गरज नव्हती.)

तेव्हापासून मी कामांकडे दोन प्रकारात बघायला लागलो. काही कामं कडेलोटाची असतात. एका ठरावीक वेळेपर्यंत काहीच बिघडत नाही, आणि ती वेळ गेली की एकदम खाली. काही कामं उताराची असतात, उशीर होईल तसं थोडं थोडं नुकसान, आज नाही उद्या झालं तर उद्याच्या दिवसाचं थोडंसं. अर्जंट म्हणणारा माणूस हा फरक सांगत नाही कारण त्यालाही तो माहीत नसतो, त्याला फक्त त्याच्या डोक्यावर बसलेला माणूस माहीत असतो. त्यामुळे मग मी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायला लागलो : हे नाही झालं तर नक्की काय अडेल आणि कुणाचं, ते किती वाजता अडेल, आणि अडल्यावर निस्तरता येतं का. "अर्जंट आहे का" हे विचारायचं सोडून दिलं, त्याचं उत्तर हो सोडून काही येतच नाही.

याची खरी परीक्षा झाली पुढच्याच महिन्यात, ७ नोव्हेंबरला, शुक्रवार होता. तो दिवस पूर्ण सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळे प्रकार आले.

आधी दिवसाचा नकाशा. ७ तारीख म्हणजे टीडीएस. दुसऱ्या दिवशी ८ ला दुसरा शनिवार, बँकेची शाखा बंद, ९ ला रविवार, म्हणजे बँकेत कुणाला गाठायचं तर सोमवार १० उजाडणार. एनईएफटी चोवीस तास चालते हे खरं, पण आमच्याकडे पेमेंट मी किंवा ज्युनिअर टाकतो आणि मंजूर साहेब करतात, त्यांच्या मोबाईलवरच्या ओटीपीशिवाय एक रुपया हलत नाही. आणि साहेब त्या दिवशी साडेतीनला ओझरच्या विमानतळाकडे निघणार होते, रात्री उशिरापर्यंत फोनवर नसणार. कागदावर टीडीएसची मुदत रात्री बारापर्यंत होती. आमच्यासाठी ती साडेतीनला संपत होती. हे मी आता कुठल्याही कामात पहिलं बघतो, की मुदत आणि आपण यांच्यामध्ये अजून कुणाचा हात आहे, आणि तो हात कधीपर्यंत हजर आहे. बऱ्याच वेळा खरी मुदत तीच असते.

सकाळी साडेनऊ ते दहा या अर्ध्या तासात आलेले मेसेज असे. डिस्पॅचचा पहिला, नऊ पस्तीसला : "ई-वे बिल अर्जंट!! गाडी उभी आहे", म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणारं ऑनलाइन बिल. मग पर्चेसचा लांबलचक : एका व्हेंडरचे १ लाख ८५ हजार आजच सोडा, एमएसएमई आहे, उद्या ४५ दिवस होतात, कायदा आहे, अर्जंट, आणि त्याखाली तिसऱ्या ओळीत, प्लेटिंगवाल्याचे ३८ हजार पण बघा. एचआर मॅडमचा : पीएफचं चलन अर्जंट करायचंय, आणि शेवटी, एका कामगाराचा पगार रिटर्न आलाय. साहेबांचा आवाजातला मेसेज : ऑक्टोबरचा एमआयएस लगेच पाठव, म्हणजे महिन्याच्या आकड्यांचा रिपोर्ट. सीएंच्या ऑफिसातून : काही पार्ट्यांचे लेजर अर्जंट हवेत. सेल्सच्या एका मुलाचं टूरचं बिल, १४,६०० रुपये, अर्जंट. आणि नऊ पन्नासला सेल्सच्याच दुसऱ्या माणसाचा मेसेज, त्यात अर्जंट नव्हतं : "वेळ मिळेल तेव्हा बघा सर, कालच्या हालोलच्या बिलात जीएसटी नंबर चाकणचा पडलाय बहुतेक."

टीडीएसबद्दल कुणाचाही मेसेज नव्हता, अर्थातच. तो मी स्वतः वहीत पहिल्या ओळीत लिहिला, मागणारा म्हणून सरकार असं लिहून. तेव्हापासून ती सवयच लागली, ज्या कामाला तोंड नाही त्याचा मागणारा आपणच लिहायचा.

आता जुन्या पद्धतीने गेलो असतो तर पहिलं ई-वे बिल केलं असतं. गाडी उभी आहे म्हटल्यावर कुणीही तेच करेल, दहा मिनिटांचं काम. पण मी डिस्पॅचला फोन करून विचारलं, भाऊ गाडी भरली का? म्हणे नाही, गाडी गेटवर आलीय, भरायला दोन वाजतील, पॅकिंग चालू आहे. मग कुठली गाडी? तर हालोलची. तेव्हा वहीवरचे दोन मेसेज एकमेकांना जोडले गेले. जिचं ई-वे बिल जोरात मागत होते तीच गाडी, आणि जिचं बिल चुकलंय असं हळूच कुणीतरी सांगत होतं तेच बिल.

त्या बिलाचं थोडं सांगतो. या कस्टमरचे दोन प्लांट, एक चाकणला आणि एक गुजरातेत हालोलला, दोन्हीचे जीएसटी नंबर वेगळे. ऑर्डर हालोलची होती, ज्युनिअरने आदल्या दिवशी बिल करताना पार्टीच्या यादीतला वरचा नंबर निवडला, चाकणचा. त्यामुळे ४ लाख १० हजारांच्या मालावर ७३,८०० टॅक्स परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लागायच्या ऐवजी राज्यातल्या विक्रीचा निम्मा निम्मा सीजीएसटी-एसजीएसटी लागला. ई-इनव्हॉइस काढलेला, आयआरएन म्हणजे पोर्टलने त्या बिलाला दिलेला नंबर, तोही मिळालेला. आणि आयआरएन पोर्टलवर रद्द करता येतो तो काढल्यापासून २४ तासांच्या आत. नंतर नाही. बिल निघालं होतं गुरुवारी दुपारी तीन चाळीसला, म्हणजे शुक्रवारी तीन चाळीसला तो दरवाजा बंद होणार. शिवाय त्या बिलावर चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, त्याशिवाय आयआरएन रद्द होत नाही.

म्हणजे मी सकाळी गडबडीत ई-वे बिल काढून दिलं असतं तर काय झालं असतं बघा. दोन वाजता गाडी भरून चुकीच्या बिलावर निघून गेली असती, चाकणचा नंबर घेऊन गुजरातकडे. रस्त्यात पथकाने अडवली असती तर मालकाने पुढे येऊन सोडवायची म्हटली तरी दंड टॅक्सच्या दुप्पट, म्हणजे इथे १ लाख ४७ हजार ६००. अडवली नसती तरी तीन चाळीसनंतर क्रेडिट नोट काढा, तिचा आयआरएन काढा, नवं बिल करा, कस्टमरला समजावा, आणि तोपर्यंत त्यांचं अकाउंट्स आपलं पेमेंट अडवून बसणार. चाळीस मिनिटांचं काम दोन आठवड्यांचं झालं असतं.

इथे मला जे दिसलं ते असं, की आवाज आणि अर्जंटपणा यांचा संबंध कधी कधी उलटाच असतो. ज्याला नुकसान समजलंय तो मोठ्याने सांगतो हे बरोबर, पण सेल्सच्या त्या माणसाला २४ तासांचा नियम माहीतच नव्हता. त्याच्या दृष्टीने ती एक टायपिंगची चूक होती. मुदत कुठे आहे हे बहुतेक वेळा काम करणाऱ्याला माहीत असतं, मागणाऱ्याला नाही. त्यामुळे मागणाऱ्याने लावलेला शिक्का वाचून क्रम लावणं म्हणजे ज्याला माहिती कमी त्याच्यावर निर्णय सोडणं.

मग लगेच रद्द केलं का? नाही, आधी कस्टमरच्या हालोलच्या स्टोअरला फोन केला, ऑर्डरची कॉपी मागवली, त्यावरचा जीएसटी नंबर आणि पत्ता स्वतः वाचला. "बहुतेक" हा शब्द होता ना मेसेजमध्ये. रद्द केलेल्या बिलाचा नंबर परत वापरता येत नाही आणि बिल बरोबर निघालं तर आपणच घोळ केलेला असतो. सव्वाअकराला खात्री झाली, अकरा वीसला आयआरएन रद्द, पावणेबाराला नव्या नंबरचं बिल तयार. ई-वे बिल तेव्हाही केलं नाही, गाडीचा नंबर पक्का झाल्यावर करू म्हटलं. डिस्पॅचला स्पष्ट सांगितलं, अडीचला गाडी भरून झाली की नंबर पाठव, पाच मिनिटांत देतो. त्याचा जीव शांत झाला, कारण त्याला मिळाली ती एक वेळ. "करतो" म्हटलं की माणूस दर दहा मिनिटांनी फोन करतो, "अडीचला देतो" म्हटलं की करत नाही. हा माझा अनुभव आहे.

तोवर ज्युनिअर टीडीएसचे लेजर जुळवत होती. कॉन्ट्रॅक्टर वेगळे, प्रोफेशनल वेगळे, पगार वेगळा, असं प्रत्येक प्रकाराचं चलन स्वतंत्र, त्यामुळे पाच चलनं, सव्वा तास. साहेब साडेतीनला जाणार, त्यांना मंजुरीला वीस मिनिटं, काहीतरी अडकलं तर अर्धा तास हाताशी, म्हणून आम्ही मागे मोजत आलो तर एक वाजता सुरू केलं तरी चाललं असतं. पण ऑक्टोबरचा चटका ताजा होता, तिने दहालाच घेतलं. बरोबर केलं तिने. कडेलोटाच्या कामात थोडं आधी असणं परवडतं, कारण चुकल्याची किंमत आणि लवकर केल्याची किंमत यांत फार अंतर असतं.

आता पर्चेसचा मेसेज. यात मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला, कारण त्यात कायद्याचं नाव होतं आणि कायद्याचं नाव आलं की माणूस घाबरतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, हे खरं. नाही दिले तर त्या व्हेंडरला व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. आणि इन्कम टॅक्समध्ये तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरतात. पण इथे कडा कुठे आहे? ४५ वा दिवस शनिवारी होता, तिथे टॅक्सचं काही बिघडत नव्हतं, कारण त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चच्या आत पैसे दिले की तो खर्च त्याच वर्षी मिळतो. टॅक्ससाठी कडा मार्चअखेरची, नोव्हेंबरमध्ये फक्त व्याजाचा उतार. तेव्हा बँक रेट पावणेसहा टक्के होता, तिप्पट म्हणजे सव्वासतरा, १ लाख ८५ हजारांवर दिवसाला ९० रुपयांच्या आत. वाईटच, द्यायला नको असं नाही, पण आज दुपारी जग बुडणार नव्हतं.

आणि त्याच मेसेजच्या तिसऱ्या ओळीतले ३८ हजार? ते झिंक प्लेटिंगवाल्याचे. पर्चेसवाल्याने त्याला अर्जंट लिहिलं नव्हतं, "पण बघा" एवढंच. मी स्टोअरला फोन लावला, पर्चेसला नाही. विचारलं, प्लेटिंग झालेल्या पिन किती आहेत? १,९००. लाइनला एका शिफ्टला ६०० लागतात, दोन शिफ्ट चालतात. म्हणजे शुक्रवारी १,२०० संपणार, उरणार ७००, शनिवारची पहिली शिफ्ट निघेल आणि दुसरी शंभर पिनांवर थांबेल. प्लेटिंगवाल्याकडे आपला माल तयार पडलाय, मागचं बिल थकलंय म्हणून तो सोडत नाही, आणि त्याची गाडी संध्याकाळी सहाला निघते. पैसे त्याला सहाच्या आत दिसले नाहीत तर माल सोमवारवर. शनिवारी दुसऱ्या शिफ्टची सोळा माणसं बसून राहणार. ३८ हजारांपुढे १ लाख ८५ हजार मोठा आकडा दिसतो, पण अडणारी गोष्ट रकमेत नव्हती, पिनांच्या डब्यात होती.

एक गोष्ट इथे सांगतो, स्टोअरलाच का विचारलं. मागणाऱ्याला विचारलं की तो आपल्या बाजूने वाढवून सांगतो, खोटं म्हणून नाही, त्याला तसंच वाटत असतं. नुकसान ज्याच्या दारात होणार आहे त्याला विचारलं की आकडा मिळतो.

एचआर मॅडमच्या मेसेजमध्येही हाच प्रकार, मोठी गोष्ट वर आणि खरी गोष्ट शेवटच्या ओळीत. पीएफची मुदत १५ तारीख, आठ दिवस हातात. पीएफचा परिणाम मात्र तेव्हा जबर होता, कामगाराच्या वाट्याची रक्कम एक दिवसही उशिरा भरली तर ती कंपनीला खर्च म्हणून कधीच मिळत नव्हती, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं होतं. आमच्याकडे ती रक्कम होती १ लाख १२ हजार, त्यावर टॅक्स २८ हजारांच्या आसपास, आणि तो परत येणार नव्हता. पण परिणाम मोठा म्हणून काम आजचं होत नाही. मुदत लांब आहे. मी १२ तारीख ठरवली, १४-१५ ला साइट रडते म्हणून. फक्त त्यातला एक छोटा तुकडा खरंच लवकरचा होता : तीन नवीन मुलांचे यूएएन, म्हणजे पीएफचे नंबर, काढायचे होते आणि ते आता उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवूनच निघतात, मुलं समोर लागतात, त्यातला एक सोमवारपासून सुट्टीवर जाणार होता. मॅडमना म्हटलं, चलन माझ्यावर सोडा, तुम्ही आज त्या मुलाला दहा मिनिटं बसवा. मोठं काम मागे आणि त्याचा एक लहानसा भाग पुढे, असं बरेचदा निघतं, फोडून बघितलं तर.

आणि तो रिटर्न आलेला पगार. १७,४०० रुपये. दिवसभरातल्या सगळ्या रकमांमध्ये जवळजवळ सगळ्यात लहान. कामगारांचा पगार ७ तारखेच्या आत देणं कायद्यानेच आहे, पण माझ्या मनात त्यापेक्षा दुसरंच होतं. मी त्या माणसाला खाली शॉपवर जाऊन भेटलो, पासबुकाचा फोटो घेतला, खाते क्रमांकात दोन आकडे उलटे पडले होते, आमच्याकडूनच. तो काही बोलत नव्हता, मग हळूच म्हणाला, साहेब उद्या गाडीचा हप्ता कापतो. बँका शनिवारी-रविवारीही हप्ता कापतात आता. खात्यात पैसे नसते तर हप्ता परत, बँकेचा चार्ज वेगळा, फायनान्सवाल्याचा वेगळा, आणि चूक आमची. परिणाम रुपयांत मोजताना तो कुणाच्या रुपयांत मोजतोय हे बघायला पाहिजे. कंपनीला १७ हजार म्हणजे काही नाही, त्याला तो अख्खा महिना आहे.

साहेबांच्या एमआयएसचं काय केलं ते बऱ्याच जणांना विचारायचं असतं, कारण साहेबांना उलट प्रश्न कसा विचारायचा. मी "सर नंतर दिला तर चालेल का" असं विचारत नाही, ते ऐकायला टाळल्यासारखं वाटतं. मी विचारलं, "सर, हा कुणासमोर ठेवायचाय आणि किती वाजता, त्याप्रमाणे शीट लावतो." लगेच उत्तर आलं, मंगळवारी बँकेत जायचंय, त्याआधी एकदा नजर टाकायचीय. म्हणजे सोमवार संध्याकाळ. "लगेच" ही त्यांची बोलायची पद्धत होती, मुदत नव्हती. सीएंच्या लेजरचंही तसंच, ते बुधवारपर्यंत चालणारे निघाले.

दीडला सगळी पेमेंट एका खेपेत लावली : टीडीएसची पाच चलनं, प्लेटिंगवाला, त्या कामगाराचा पगार. मग एमएसएमईवाल्याचं पण त्यातच टाकलं. अर्जंट होतं म्हणून नाही, साहेब एकदा ओटीपी द्यायला बसणारच होते आणि एक ओळ वाढवायला दोन मिनिटं लागतात, मग व्हेंडरला का थांबवायचं. दोन दहाला साहेबांनी मंजूर केलं. दोन पस्तीसला गाडीचा नंबर आला, दोन चाळीसला ई-वे बिल, तीनच्या आत गाडी गेटबाहेर. टीडीएसची चलनं डाउनलोड करून फाइलला लावली तेव्हा साहेबांची गाडी अजून आवारातच होती.

एक चूक झाली मात्र. टूरच्या बिलाचे १४,६०० मी सकाळीच सोमवारवर ढकलले होते, न विचारता. माझ्या डोक्यात पक्कं होतं की टूरचं बिल कधीच अर्जंट नसतं. सहा वाजता तो मुलगा टेबलासमोर येऊन उभा राहिला. रविवारी राजकोटला जायचं होतं, मागच्या दोन टूरचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून घातलेले, आता हॉटेलला द्यायला पैसे नव्हते. साहेब विमानात. पेटी कॅशमधून एका माणसाला दिवसाला १० हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च टॅक्समध्ये मिळत नाही, म्हणून ९ हजार दिले, बाकीचे सोमवारी. पोरगा काही म्हणाला नाही, पण मला ते लागलं. दुसऱ्या सगळ्यांना तीन प्रश्न विचारले आणि ज्याचा आवाज सगळ्यात लहान त्याला विचारलेच नाहीत. आणि असंही आहे की उताराची छोटी कामं रोज मागे पडत राहिली तर तीच एक दिवस कड्यावर येतात. म्हणून आता दर बुधवारी दुपारी एक तास फक्त पंधरा दिवसांपेक्षा जुन्या कामांसाठी ठेवलाय, त्या तासात दुसरं कुठलंही अर्जंट आलं तरी आधी ते तीन प्रश्न.

नंतर आम्ही कामाच्या शीटमधून "अर्जंट" हा रकानाच काढला. त्याऐवजी दोन : "नाही झालं तर काय अडेल" आणि "कधी, तारीख व वेळ". पहिले दोन आठवडे छान गेले, मग पर्चेसवाल्याने सगळ्याच ओळींत "लाइन बंद पडेल" लिहायला सुरुवात केली. त्याचंही चुकलं नाही, शब्द बदलला की नवीन शब्द अर्जंट होतो. मी भांडलो नाही. फक्त ज्या ज्या ओळीत लाइन बंद लिहिलंय तिथे स्टोअरकडचा शिल्लक आकडा लिहायचा असं ठरवलं. आकडा लिहायला स्टोअरला फोन करावा लागतो, आणि फोन केला की त्यालाच कळतं की मंगळवारपर्यंत माल आहे. डिसेंबरात त्याच्या अकरा ओळींपैकी दोनच ओळींत लाइन बंद राहिलं, आणि त्या दोन्ही आम्ही त्याच दिवशी केल्या.